एक पेपर बिघडला, तर पुढच्या पेपरपर्यंत काय करायचे?

मार्च महिन्यात आमच्याकडे ताप-खोकल्यापेक्षा वेगळीच माणसे येतात. पेपर देऊन आलेले मूल जेवत नाही, बोलत नाही, सारखे रडते, म्हणून आई त्याला घेऊन येते. पोटात दुखते, छातीत धडधडते, हाताला मुंग्या येतात, अशी तक्रार असते. तपासले तर ताप नसतो. विचारले तर कळते, पेपर बिघडला.

बिघडलेला पेपर आता हातात नाही, पण पुढचा हातात आहे. दहावीत दोन पेपरांमध्ये बहुधा एकच मोकळा दिवस असतो. त्या वेळात शरीर आधी शांत करायचे, मग हिशोब करायचा आणि मग अभ्यासाला बसायचे. हा क्रम उलटा केला की दुसरा पेपरही जातो. हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून नागपूरच्या एका वस्तीतल्या मुलीचे ते दोन दिवस जसे गेले तसे लिहितो. तिचे नाव लिहीत नाही.

सोमवारी बीजगणिताचा पेपर होता, बुधवारी भूमितीचा. दोन्ही 40 गुणांचे आणि दोन तासांचे. सकाळी अकराला पेपर सुरू, शेवटची वाढीव 10 मिनिटे धरून एक वाजून दहा मिनिटांनी सुटका. वर्गसमीकरणाच्या एका उदाहरणात ती अडकली. उत्तर येईना, म्हणून तिने ते तीनदा खोडून लिहिले. घड्याळ पाहिले तर पाऊण तास गेला होता. मग हात थरथरायला लागला आणि येत असलेलेही आठवेना. चार गुणांचे दोन्ही प्रश्न आणि शेवटचा तीन गुणांचा प्रश्न कोरा राहिला. बाहेर आल्यावर मैत्रिणींनी उत्तरे जुळवायला सुरुवात केली आणि तिच्या लक्षात आले की सोडवलेल्यातलेही काही चुकले आहे.

घरी आली ती पांघरूण घेऊन पडली. वडील संध्याकाळी आले आणि म्हणाले, "क्लासचे पैसे पाण्यात गेले. झाली तेवढी शाळा बस झाली." आई चार घरची धुणी-भांडी करून आलेली. ती तिला घेऊन आमच्याकडे आली. मुलगी म्हणाली, "ताई, मी नापासच आहे. परवा पेपरला जाऊन काय करू?"

आधी शरीर

मोठी भीती वाटली की शरीर पळायला किंवा लढायला तयार होते. हृदय जोरात धडधडते, श्वास उथळ होतो, तोंड कोरडे पडते, पोट आवळते. पेपर संपला तरी हे लगेच थांबत नाही. मूल पुन्हा पुन्हा तोच प्रश्न मनात आणते आणि प्रत्येक वेळी शरीर पुन्हा तसेच तयार होते. अशा अवस्थेत पुस्तक उघडले तर डोळे ओळीवरून फिरतात, डोक्यात काही शिरत नाही. मग मुलाला वाटते, मला काहीच येत नाही. मेंदू त्या वेळी धोक्याकडे पाहत असतो, पुस्तकाकडे नाही, एवढेच त्याचे कारण असते.

म्हणून त्या संध्याकाळी आम्ही तिला अभ्यासाचे काही विचारले नाही. रडत होती, रडू दिले. आईला सांगितले, गप्प बस म्हणू नका, फक्त जवळ बसा. पंधरा-वीस मिनिटांनी रडणे आपोआप ओसरले. तिच्या हाताला मुंग्या येत होत्या. भरभर आणि खोल श्वास घेतल्याने असे होते. तिला श्वास सोडण्याकडे लक्ष द्यायला सांगितले. नाकाने मनात चार मोजत श्वास आत, मग हळूहळू सहा मोजत बाहेर. असे पाच मिनिटे. मोजणे जमत नसेल तर समोरची मेणबत्ती हलावी पण विझू नये, अशी फुंकर घालतो असे समजावे. श्वास बाहेर जायला जास्त वेळ दिला की हृदयाचे ठोके उतरतात. मुंग्या गेल्या.

सकाळपासून तिच्या पोटात एक चहा आणि दोन बिस्किटे होती. आईला सांगितले, आधी वरण-भात. उपाशी पोटी चिडचिड आणि घाबरेपणा वाढतो, आणि मुलाला तो पेपरचाच वाटतो. मार्चमध्ये आपल्याकडे ऊन लागते, पाणीही कमी प्यायलेले असते, डोके त्यानेही दुखते. जेवण, दोन ग्लास पाणी, अंघोळ, एवढे झाले तेव्हा साडेसात वाजले होते.

मग हिशोब, एकदाच

दुसरी गोष्ट म्हणजे भीतीला आकडा देणे. "सगळे संपले" या वाक्याशी भांडता येत नाही, आकड्याशी बोलता येते. पण हा हिशोब एकदाच, दहा मिनिटे, मोठ्या माणसाबरोबर करायचा. प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवायची नाही.

तिने कागदावर लिहिले. कोरे राहिले 11 गुणांचे. उरलेल्या 29 पैकी अर्धवट आणि संशयाचे पुष्कळ होते. आम्ही मुद्दाम कमी धरले आणि बीजगणिताचे 10 लिहिले. गणिताचे 20 गुण शाळेकडून अंतर्गत असतात. ते किती मिळतील हे तिला माहीत नव्हते, म्हणून तिथेही हात आखडून 12 लिहिले. झाले 22. बीजगणित, भूमिती आणि अंतर्गत मिळून गणित हा 100 गुणांचा एकच विषय आहे आणि उत्तीर्ण व्हायला 35 लागतात. म्हणजे भूमितीत 40 पैकी 13 मिळाले तरी गणित सुटते.

ती बराच वेळ त्या 13 कडे पाहत राहिली. तिला वाटत होते की बीजगणितात नापास म्हणजे गणितात नापास. वस्तीतल्या पुष्कळ घरांत हाच समज असतो. विज्ञानाचे दोन भागही असेच एकत्र मोजले जातात.

हिशोब याहून वाईट निघाला तर? राज्य मंडळाच्या नियमात गणित आणि विज्ञान मिळून 70 गुण असतील आणि दोन्हींत प्रत्येकी किमान 25 असतील, तरी दोन्ही विषय उत्तीर्ण धरतात. म्हणजे गणिताची कसर विज्ञानाने काही प्रमाणात भरून निघते. तीन भाषांनाही असाच नियम आहे, मिळून 105 आणि प्रत्येकीत किमान 25. तेही जमले नाही तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीत प्रवेश घेता येतो. चालू वर्षाचे नियम वर्गशिक्षकांकडून पक्के करून घ्यावेत. वडिलांनी हे सगळे ऐकले. शाळा बस झाली हे वाक्य ते त्या रात्री पुन्हा बोलले नाहीत.

हिशोबानंतर तिने त्याच कागदाच्या मागे एक ओळ लिहिली. पेपर का बिघडला? कारणे बहुधा तीनच असतात. आले नाही, वेळ पुरला नाही, किंवा येत असून घाबरल्यामुळे आठवले नाही. तिचे दुसरे आणि तिसरे कारण होते. म्हणून तिने लिहिले, "एका प्रश्नात अडकले तर जागा सोडून पुढे जायचे." पुढच्या पेपरला उपयोगी पडणारे एवढेच त्या पेपरमध्ये होते. ते काढून घेतले आणि प्रश्नपत्रिका आईने पत्र्याच्या पेटीत ठेवली. परीक्षा संपेपर्यंत ती पेटीतच राहील असे ठरले.

फोनही आईकडे गेला. मैत्रिणींच्या गटावर उत्तरे येत राहतात, आणि रात्री अकराला एक चुकलेले उत्तर पाहिले की धडधड पहिल्यापासून सुरू होते.

रात्रीची झोप

तिचा बेत होता रात्रभर जागून भूमिती करायची. आम्ही नको म्हटले. दिवसभर वाचलेले पक्के बसायचे काम झोपेत होते. जागरण केलेल्या मुलाला सकाळी प्रमेय ओळखीचे वाटते, पण लिहिताना पायऱ्या सुटतात, बेरजा चुकतात. पेपरच्या दिवसांतही सात-आठ तास झोप हवी.

जागण्यासाठी मुले चहावर चहा पितात. चहातले उत्तेजक द्रव्य शरीरातून अर्धे कमी व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळी पाचनंतर चहा नको. झोप येत नाही म्हणून घरातल्या कुणाची झोपेची गोळी मुलाला देऊ नये, औषध दुकानातून मनाने आणू नये. पाळी पुढे ढकलायची गोळीही कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.

ती रात्री दोनला जागी झालीच. आधी सांगून ठेवले होते की जाग आली तर घड्याळ पाहायचे नाही, पेपरचा विचार आला तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, पडल्या पडल्या लांब श्वास सोडायचे. आईने पाठीवरून हात फिरवला. किती वेळाने झोप लागली ते दोघींनाही आठवत नाही.

मंगळवारचा एकच दिवस

मंगळवारी भूमितीची सात प्रकरणे समोर होती. सगळी करायला घेतली असती तर संध्याकाळपर्यंत सगळीच अर्धी राहिली असती. म्हणून आधी पेपर कसा असतो ते पाहिले. पहिल्या प्रश्नात एकेक गुणाचे 8 गुण असतात आणि दुसऱ्यात दोन-दोन गुणांचे 12. म्हणजे 40 पैकी 20 गुण लहान प्रश्नांचे. तिला हवे होते 13. ध्येय ठरवले 25, म्हणजे काही चुकले तरी पुरेल.

सकाळी सहा ते नऊ ती विहारातल्या अभ्यासिकेत बसली. घर एका खोलीचे, नळाला पाणी सकाळीच येते, घरात तेव्हा बादल्यांचा गोंधळ असतो. पाणी भरायचे काम त्या आठवड्यात भावाने करायचे असे आईने ठरवले. ही गोष्ट लहान वाटते, पण परीक्षा मुलीची असली की पाणी, भाकरी आणि धाकट्याला सांभाळणे तिच्याच गळ्यात राहते आणि सकाळचे दोन तास जातात.

त्या तीन तासांत तिला जे सर्वांत चांगले येत होते ते घेतले, समरूपता आणि पायथागोरसचे प्रमेय. घाबरलेल्या मुलाला आधी अवघड प्रकरण दिले तर पहिल्याच तासात पुन्हा "मला येत नाही" सुरू होते. येणारे आधी केले की हात चालू लागतो. पन्नास मिनिटे लिहून सराव, दहा मिनिटे उठून फिरणे. नुसते वाचायचे नाही. पुस्तक मिटून लिहायचे आणि मग उघडून तपासायचे.

दहा ते एक भौमितिक रचना आणि वर्तुळ. समरूप त्रिकोणाची रचना आणि वर्तुळाला स्पर्शिका काढणे यांना पाठांतर लागत नाही, हात बसावा लागतो. त्या तिने प्रत्येकी तीन वेळा काढल्या. पेन्सिलीला टोक आणि कंपासचा घट्ट स्क्रू हेही त्याच वेळी पाहून घेतले. दुपारी जेवण आणि अर्धा तास डुलकी. अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, नाहीतर उठल्यावर जड वाटते आणि रात्रीची झोप जाते.

तीन ते सहा निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती, फक्त सूत्र घालून सुटणारी उदाहरणे. महत्त्वमापनाची सूत्रे एका कागदावर लिहून भिंतीला लावली. चार गुणांची अवघड उदाहरणे तिने सोडून दिली. सोडताना तिला वाईट वाटले. पण ती धरून बसली असती तर सोपे 20 गुण कच्चे राहिले असते. सात वाजल्यानंतर नवे काही घ्यायचे नाही हा नियम होता. शेवटच्या संध्याकाळी उघडलेले नवे प्रकरण समजत नाही आणि समजलेल्यावरचा विश्वास घालवते. संध्याकाळी फक्त भिंतीवरची सूत्रे न पाहता दोनदा लिहिली. साडेनऊला अंथरूण.

पेपरच्या खोलीत

बुधवारी सकाळी पोहे खाऊन ती साडेदहाच्या आधी केंद्रावर पोहोचली. दारातल्या घोळक्यात "हे केलं का, ते केलं का" चालते. ती तिथे न थांबता सरळ बाकावर गेली.

पुन्हा घाबरायला झाले तर काय करायचे हे आधी ठरवले होते. पेन खाली ठेवायचा. दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे. पाच लांब श्वास सोडायचे. याला मिनिटभरसुद्धा लागत नाही. मग येत असलेला सर्वांत लहान प्रश्न घ्यायचा. एका गुणाला दोन मिनिटे आणि दोन गुणांना पाच, त्यापुढे गेले की जागा सोडून पुढे. प्रश्नांचा क्रम बदलला तरी चालतो, फक्त प्रश्न क्रमांक स्पष्ट लिहायचा.

वर्तुळाच्या एका प्रश्नात ती अडकलीच. तिने आम्हाला नंतर सांगितले, "ताई, हात थरथरला. पण मी पान उलटलं." पेपर फार चांगला गेला असे ती म्हणाली नाही. सगळे लहान प्रश्न लिहिले, एवढे म्हणाली. आम्हाला तेवढे पुरे होते.

घरी आल्यावर उरलेल्या पेपरांसाठी तिने तोच क्रम भिंतीवर लावला. पेपरच्या दिवशी घरी आल्यावर जेवण, झोप आणि संध्याकाळी दोन तास हलका अभ्यास. मधल्या दिवशी सकाळी येणारे, दुपारी अर्धवट येणारे, सातनंतर फक्त उजळणी. मध्ये रविवार आला तर एक दिवस जास्त मिळतो. तो बिघडलेल्या विषयाला द्यायचा नाही, पुढच्या विषयाला द्यायचा.

घरच्यांनी कधी सावध व्हायचे

बहुतेक मुले एका रात्रीत, फार तर दोन दिवसांत सावरतात. सगळीच सावरतात असे नाही. मूल "मी नसतो तर बरं झालं असतं", "आता तोंड दाखवू शकत नाही" असे बोलत असेल, निरोप घेतल्यासारखे बोलत किंवा लिहीत असेल, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, खाणे-झोपणे पूर्ण सुटले असेल, किंवा खूप रडून झाल्यावर अचानक अगदी गप्प होऊन एकटे राहायला पाहत असेल, तर ते नाटक समजू नये.

अशा वेळी सरळ विचारा, "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट कुणाला तरी कळले म्हणून मूल मोकळे होते. उत्तर हो आले तर ओरडू नका, शपथा घालू नका. मुलाला क्षणभरही एकटे सोडू नका. घरातली औषधे, उंदराचे औषध, फिनाईल शेजारच्या घरी ठेवून या. टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो आणि मराठीत बोलता येते. लहान मुलांसाठी 1098 आहे. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. पोटात काही गेल्याची नुसती शंका आली तरी, मूल दिसायला बरे असले तरी, उलटी करवण्यात वेळ न घालवता 108 बोलवा आणि डबी किंवा पाकीट सोबत न्या. काही विषांत पहिला दिवस बरा जातो आणि यकृताचे नुकसान नंतर दिसते, म्हणून वाट पाहू नये.

आणि त्या पहिल्या संध्याकाळी, मूल दारात आल्यावर, पेपर कसा गेला हे विचारू नका. चेहऱ्यावरून कळतेच. पाण्याचा ग्लास द्या आणि म्हणा, आधी जेव. क्लासच्या पैशांचे बोलायला जूनमध्ये पुष्कळ वेळ असतो.